नव्वद पानांतून एक पान

विद्यापीठातल्या जागेसाठी अर्ज करताना माझ्या अध्यापनाविषयी एकपानी निवेदन मागितलं होतं. मानोऱ्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवताना जमवलेली माझी फाइल नव्वद पानांची होती. पहिल्या मसुद्यात मी सगळे अभ्यासक्रम, कार्यशाळा आणि प्रमाणपत्रं बारीक अक्षरात कोंबली. वनस्पतीशास्त्राच्या मॅडमनी तो वाचला.

"सर, ही तर यादी झाली. तुमी शिकवता कसे, ते कुठी हाय?"

मग मी विद्यार्थ्यांचे निनावी अभिप्राय पुन्हा वाचले. सुरुवातीच्या वर्षांत एकच तक्रार सारखी येत होती: कामासाठी गाव सोडून गेलेली मुलं परतली, की त्यांना वर्गात काहीच कळत नाही. म्हणून मी प्रत्येक तासाची पहिली दहा मिनिटं मुलांनाच मागचा धडा सांगायला लावू लागलो होतो. पुढच्या अभिप्रायांतून ती तक्रार गेली. निवेदनात मी एवढंच लिहिलं.

"सोतावरची तक्रार कायले लिहून राह्यले?" मॅडमनी विचारलं.

"त्यातूनच तर मी शिकवायला शिकलो."

मुलाखतीत पहिला प्रश्न त्या दहा मिनिटांवरच आला. मी इतक्या उत्साहानं बोललो, की शेवटी मुलाखत घेणाऱ्यांनाच मला थांबवावं लागलं. महिनाभरात नेमणुकीचं पत्र आलं.