आधी सही, मग पैसे

बजाजनगरच्या त्या बँकेत ताहेरा आत शिरली तेव्हा घड्याळात अडीच वाजले होते. कॅश काउंटर साडेतीनला बंद होतो, हे वॉचमननं न विचारता सांगितलं. तिला सुट्टी आजचीच होती. ती आता कामाला होती त्या नव्या कॅन्टीनचा ठेकेदार महिन्यातून एकच सुट्टी द्यायचा आणि आज महिन्याची अखेरची तारीख होती. म्हणजे आज खातं बंद झालं नाही, तर आणखी एक महिना ते तिच्या मानगुटीवर बसणार होतं.

ताहेरा बाई चपात्या लाटायची. वाळूजच्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये तिनं आठ वर्षं, रोज दोन पाळ्यांच्या मिळून हजारभर चपात्या लाटल्या. मनगटं दुखायला लागली, पण चपातीचा गोल कधी बिघडला नाही. पगारासाठी बँकेनं कॅन्टीनमध्येच टेबल मांडून सात बायकांची खाती काढून दिली होती. सव्वा वर्षापूर्वी ठेकेदार बदलला, बायका घरी बसल्या आणि पगार थांबला. तीन महिने वाट पाहून बँकेनं पगाराचं खातं साधं करून टाकलं. आता त्यात दहा हजार शिल्लक ठेवायची होती. दहा हजार शिल्लक ठेवू शकणारी बाई दुसऱ्याच्या चपात्या कशाला लाटेल, हा प्रश्न बँकेच्या कोणत्याच फॉर्मवर नव्हता.

ताहेराला याचा पत्ताच नव्हता. सरकारी योजनेचे दीड हजार दोन वेळा आले आणि दोन्ही वेळा एटीएमनं शून्य दाखवलं. तिनं पहिल्यांदा काय केलं असेल, तर पोस्टाच्या बँकेत नवं खातं उघडून आधार तिकडं जोडून घेतलं. मग या खात्याचा निकाल लावायला ती आज आली होती. कमरेच्या बटव्यात साडेतीन हजार होते. त्यातले साडेसोळाशे लायबाच्या परीक्षेच्या फॉर्मचे होते. पोरगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि फॉर्मची मुदत सोमवारी संपत होती. बाकीचे किराण्याचे.

काउंटरवरच्या प्रेरणा मॅडमनी खातं उघडून पाहिलं.

"मावशी, अकरा महिन्यांचा दंड लागलाय. महिन्याला पाचशे आणि वर जीएसटी, म्हणजे पाचशे नव्वद. एकूण सहा हजार चारशे नव्वद. तुमचे तीन हजार कापले गेलेत. बाकी तीन हजार चारशे नव्वद."

"पण खात्यात तर शून्य दिसतंय."

"शून्याच्या खाली नेता येत नाही आम्हाला. बाकी मागं लिहिलेली राहते. पैसा आला की आधी ती कापली जाते. ती भरा, मग बंद करण्याचा फॉर्म घेते. पासबुक, एटीएम कार्ड, उरलेले चेक आणलेत ना?"

ताहेरानं सगळं काढून ठेवलं. चेकबुक कोरंच होतं. फॉर्म भरला आणि खाली सही केली: ताहेरा शेख. ही मराठी सही तिला लायबानं बचत गटासाठी शिकवली होती आणि तिला तिचा फार अभिमान होता.

प्रेरणानं सही पाहिली, स्क्रीन पाहिली, पुन्हा सही पाहिली.

"ही जुळत नाही."

"माझीच हाय मॅडम. तुमच्यासमोर केली."

"तुमचीच आहे, पण आमच्याकडं जी आहे ती मराठीत नाही. मला दाखवता येत नाही, नियम आहे. नाहीतर सही बदलण्याचा फॉर्म भरा. वरून मंजूर व्हायला दोन-तीन दिवस लागतील. तोवर बाकी भरून ठेवा."

ताहेराचा हात बटव्यावर गेला आणि तिथंच थांबला. पैसे भरायचे आणि खातं उघडंच ठेवायचं? उद्यापासून पुन्हा मीटर सुरू. लायबाचा फॉर्म जाईल आणि खातंही राहील. तिला भीती वाटली आणि भीतीच्या मागोमाग राग आला.

"आधी सही, मग पैसे," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण मागच्या रांगेतला माणूस मोबाइलमधून वर बघायला लागला. "मी इथंच बसते. सही जुळली की पैसे भरते."

प्रेरणानं घड्याळाकडं पाहिलं. तीनला पाच कमी. तिनं एक कोरा कागद पुढं सरकवला.

मराठीत नाही म्हणजे उर्दूतच. उर्दू शाळेत ताहेरा चौथीपर्यंत शिकली होती, पण नवरा फारूख वारल्यापासून तिनं उर्दूचं एक अक्षर लिहिलं नव्हतं. उजवीकडून सुरुवात करताना बोटं अडखळली. पहिल्यांदा तिनं नुसतं ताहेरा लिहिलं. प्रेरणानं मान हलवली. मग ताहेरा बेगम लिहिलं. प्रेरणानं पुन्हा मान हलवली.

ताहेरा डोळे मिटून बसली. खातं काढलं तो दिवस. पीठ लागलेले हात तिनं घाईनं ओढणीला पुसले होते. घरी गेल्यावर फारूखला सांगितलं, तर तो हसून म्हणाला होता, "बँक में भी मेरा नाम लिख के आई?" तेव्हा ती लाजली होती. कारण लिहिलं होतं खरंच.

तिनं डोळे उघडले आणि लिहिलं: ताहेरा फारूख. कागद ओला होऊ नये म्हणून ओढणीचा पदर डोळ्यांना लावला.

"जुळली," प्रेरणा हळूच म्हणाली. दुसऱ्या फॉर्मवर तिनं हीच सही करून घेतली. "बंद झाल्याचा मेसेज तुमच्या नंबरवर येईल. शेवटी सत्तेचाळीस."

"माझा नंबर तर अठरा हाय."

"इथं सत्तेचाळीस आहे."

सत्तेचाळीस. ताहेराच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कॅन्टीनच्या सुपरवायझर सर्जेरावचा नंबर. तेव्हा सातांपैकी एकीकडंही मोबाइल नव्हता, म्हणून त्यानं सगळ्यांच्या फॉर्मवर स्वतःचाच नंबर टाकला होता आणि बायकांनी त्याचे उपकार मानले होते. म्हणजे शिल्लक कमी आहे, दंड लागेल, हे सगळे निरोप अकरा महिने त्याच्या खिशात वाजत होते.

ती थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये गेली. सुदर्शन साहेब डबा बंद करत होते.

"साहेब, दंड लावायच्या आधी कळवायचं असतं ना?"

"हो. मेसेज जातो. वर महिनाभर मुदत देतो आम्ही."

"मला कुठं आला? दुसऱ्याच्या नंबरावर गेला. मी काय सपनात वाचू?"

साहेबांनी प्रेरणाला बोलावलं, नंबर तपासला. मग म्हणाले, "माझ्या हातात तीन महिन्यांचा दंड परत करणं आहे. त्यापुढं तक्रार वर करावी लागेल. फॉर्म देतो."

"द्या. तक्रार करते. पण खातं आज बंद."

बाकी उरली सतराशे वीस. साडेतीनला चार मिनिटं कमी असताना ताहेरानं नोटा मोजून दिल्या. बाकी कापली गेली, खातं शून्यावर आलं, कार्डाचे कात्रीनं दोन तुकडे झाले आणि पासबुकावर शिक्का पडला. लायबाच्या फॉर्मचे पैसे बटव्यातच राहिले, वर एकशे तीस रुपये.

बाहेर येऊन ती पायरीवर बसली. आनंद व्हायला हवा होता, पण डोक्यात हिशेबच चालू होता. चार हजार सातशे वीस गेलेच होते. विचारलं तेव्हा तीन महिने सुटले आणि विचारलं नसतं तर काहीच सुटलं नसतं, याचा तिला संताप आला. सात खाती आणि सातांवर एकच नंबर.

तिनं त्या सातांपैकीच एक असलेल्या वच्छलाबाईला फोन लावला. "वच्छलामावशी, त्या कॅन्टीनच्या खात्याचं पासबुक हाय का तुमच्याकडं?"

"असंल कुठंतरी. त्यात काय नाय गं, शून्य हाय."

"शून्य नाय," ताहेरा म्हणाली. "उद्या संध्याकाळी माझ्याकडं घेऊन या. आणि तेव्हा सही केली होती का अंगठा दिला होता, ते आधी आठवून ठेवा."