मानसिंगरावांनी पाहुण्यांना दिलेला शब्द

मानसिंगराव कशालाच भीत नाहीत, असा पलूसकडच्या त्या गावात समज होता, पसरवला त्यांनीच. पण त्या सकाळी भैरोबाच्या पायरीवर फौजेतला हा निवृत्त हवालदार मागं मागं सरकत होता, तेही अर्ध्या चड्डीतली तीन गोरी माणसं बघून.

ही हॉलंडची मंडळी गावातला बागायतदार विश्वजित याची द्राक्षं घ्यायला आलेली. देऊळही बघणार म्हणून ट्रस्टचे अध्यक्ष आप्पासाहेब यांनी नियमांची पाटी इंग्रजीत करायला सांगितली. मानसिंगराव शांतिसेनेतून काँगोत जाऊन आलेले, म्हणजे इंग्रजी त्यांच्याच गळ्यात. पादत्राणं, चामड्याचे पट्टे बाहेर, गाभाऱ्यात प्रवेश नाही, इथपर्यंत ‘कृपया’ लावून निभावलं. पुढची ओळ होती, ‘तोकड्या कपड्यातील व्यक्तीस हाकलून देण्यात येईल.’ दारातल्या पाहुण्याला असं म्हणायला हात धजेना. त्यांनी लिहिलं, ‘कृपया खांदे व गुडघे झाकावेत. वस्त्र नसल्यास मागावे, आम्ही आनंदाने देऊ.’

देवळात वस्त्र नव्हतंच. आणि आता पाटी वाचून पाहुण्यांतली उंच बाई हात जोडून तेच मागत होती.

“काय म्हणत्यात?” आप्पासाहेबांनी विचारलं.

“देऊळ... लय आवडलं म्हणत्यात.”

“आवं, गुडघं उघडं हायती,” गुरव आकाराम दारात आडवा झाला. “मी न्हाई सोडायचा.”

पाहुणे अपमान समजून माघारी गेले, तर विश्वजितचा सौदा बुडाला. “आलोच,” म्हणत मानसिंगराव घराकडं पळत सुटले.

“साळे, लुगडी काढ तुझी!”

त्यांच्या बायकोच्या, साळूबाईंच्या, हातातलं सूप पडलं. “आवं, कोन गेलं?”

“मीच जातोय, आटप!”

तीन लुगडी काखेत मारून ते परतले तेव्हा बाई गाडीचं दार उघडत होती. “मॅडम! क्लॉथ!” मानसिंगराव असे ओरडले की कळसावरची कबुतरं उडाली. बाई हसत मागं फिरली. तिघांनी लुगडी गुंडाळली आणि गाभाऱ्याबाहेरूनच डोकं टेकलं.

“हवालदार, ही लुगडी कुठली?” आप्पासाहेबांचा आवाज खाली आला, म्हणजे धोका. मानसिंगरावांनी सावधान उभं राहून सगळं ओकून टाकलं.

“म्हंजे मराठीत हाकलायचं आन इंग्रजीत नेसवायचं व्हय रं? कुणाला इचारून?”

“कुणालाच न्हाई.”

आप्पासाहेब पाहुण्यांकडं वळले. बाईनं लुगड्याचा काठ हातात धरून त्यांना नमस्कार केला. त्यांनाही करावाच लागला.

“पाटी ऱ्हाऊ दे,” ते शेवटी म्हणाले.

मागोमाग धापा टाकत साळूबाई पोचल्या. “लुगडीबी ऱ्हाऊ द्यात हितं. पर धुयाची ह्यांनी.”

मानसिंगरावांनी सुटकेचा श्वास घेतला. तेवढ्यात आकारामनं डोकं खाजवलं. “व्हय ओ हवालदार, उद्या कराडच्या कॉलेजची पोरं चड्डीत आली तर? त्यास्नी हाकलायचं, का नेसवायचं?”

आप्पासाहेबांनी मान मानसिंगरावांकडं वळवली.

“नेसवायचं,” मानसिंगराव म्हणाले, पण इतक्या हळू, की साळूबाईंनी त्यांना परत म्हणायला लावलं.