लॅपटॉपची डावी बिजागरी

ही गोष्ट मी सहा वर्षं टाळली. बायकोलाही सांगितली नाही. एकदोनदा तोंडाशी आली, पण तेव्हा मी विषय बदलून पाण्याच्या नळाबद्दल बोलू लागलो. आता दुकान बंद आहे, बारीक स्क्रू डोळ्यांना दिसत नाहीत, आणि टाळायला कामही उरलेलं नाही.

अकोल्याला जठारपेठेत माझं दुरुस्तीचं दुकान होतं. आधी रेडिओ, मग टीव्ही, शेवटची दहा-बारा वर्षं लॅपटॉप. माझी एक सवय होती. काम झालं की प्रत्येक स्क्रू आणखी थोडा आवळायचा आणि त्यावर बायकोच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा. ठिपका असला की तो स्क्रू आपोआप सुटत नाही, आणि दुसऱ्या कोणी उघडला तर लगेच कळतं. आमच्याकडचं गिऱ्हाईकही वस्तू हलवून बघतं. घट्ट लागली तर म्हणतं, काम पक्कं आहे. टीव्हीच्या खोक्याला ही सवय चालून गेली.

बार्शीटाकळीचे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक एका दुपारी लॅपटॉप पिशवीत घालून आले. लकव्यानं त्यांचा उजवा हात गेला होता. लॅपटॉप मुलीचा होता. ती अमरावतीला सरकारी कचेरीत नोकरीला, पहिल्या पगारातून घेतलेला. खात्याच्या परीक्षेचा तिचा अभ्यास त्यातच होता, म्हणून शनिवार-रविवारी घरी आली की ती वापरायची. बाकीचे दिवस तो गुरुजींकडे असे. त्यांचे वडील भीमजयंतीच्या जलशांत गाणी रचून गात. त्या गाण्यांची वही आता फाटायला आली होती, आणि गुरुजी ती डाव्या हातानं, एकेक अक्षर शोधत, टाइप करत होते.

“झाकण मान टाकून देते, भाऊ,” ते म्हणाले. “एका हातानं ते धरू का गाणं लिहू?”

मी हलवून पाहिलं. डावी बिजागरी ढिली झाली होती. “असं कसून देतो गुरुजी, का भूकंप आला तरी हलणार नाही.”

“भूकंपाचं राहू द्या. माह्या मांडीवर उभं राहिलं तरी लय झालं.”

मी मागचं झाकण उघडलं, बॅटरीची वायर काढली आणि डाव्या बिजागरीच्या दांडीवरचा नट आवळला. आवळला, आणि सवयीनं आणखी अर्धा फेरा दिला. लाल ठिपका दिला. गुरुजींनी झाकण हलवून पाहिलं, ते जागच्या जागी उभं राहिलं. खूश होऊन गेले.

चार महिन्यांनी ते पुन्हा आले. या वेळी मुलगी बरोबर होती. स्क्रीनच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातून एक तडा निघून वर गेला होता, भोवती काळी शाई सांडल्यासारखा डाग. त्याच कोपऱ्यात झाकणाची चौकट फाकली होती.

“काका, पडला नाही, आपटला नाही,” मुलगी म्हणाली. “मंग फुटला काहून?”

मी उघडला आणि पहिल्याच नजरेत कळलं. बिजागरीचा लोखंडी पाय लॅपटॉपच्या अंगाला स्क्रूनं बसवलेला असतो. ते स्क्रू प्लास्टिकच्या खुंट्यांत रुतवलेल्या छोट्या पितळी नटांत बसतात. झाकण उघडताना बिजागरी वळायला हवी. ती जाम असेल तर हाताचा सगळा जोर त्या खुंट्यांवर येतो. प्लास्टिक चिरतं, पितळी नट उपटून निघतात, सुटलेला पाय वर उचलला जातो आणि चौकटीला आतून फाकवतो. झाकण पिळलं जातं आणि स्क्रीनची पातळ काच बिजागरीपाशीच तडकते. इथं डावीकडचे तिन्ही नट निघाले होते. उजवी बाजू शाबूत होती. डाव्या दांडीवर माझा लाल ठिपका जसाच्या तसा होता.

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं बसली होती. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

“एका हातानं, कोपऱ्याले धरून कोणी उघडते काय?” मी विचारलं.

हे विचारताना उत्तर मला माहीत होतं.

गुरुजी मुलीकडे वळून म्हणाले, “मीच उघडतो, बाई. दुसरा कोण उघडीन?”

बसलेल्यांपैकी एक जण हसला. “गुरुजी, लॅपटॉप हाय तो, गोठ्याचं कवाड नोहे.”

गुरुजीही हसले. मग डाव्या हातानं उजवा हात उचलून त्यांनी मांडीवर नीट ठेवला. मुलीनं वडिलांच्या खांद्यावरचा दुपट्टा सारखा केला.

मी सांगितलं ते धडधडीत खोटं नव्हतं. कोपऱ्याला धरून उघडलं की एकाच बिजागरीवर ताण येतो, हे कोणीही कारागीर सांगेल. पण नट बरोबर असता तर त्या हातानं तो लॅपटॉप आणखी काही वर्षं सहज उघडला असता. मी खरं सांगून दुसरं खरं लपवलं.

दुरुस्ती मात्र मी जीव ओतून केली. आधी नट सैल केला, दोन्ही बिजागऱ्या सारख्या वळतील इतकाच. फुटलेल्या खुंट्या घासून साफ केल्या, नवे पितळी नट बसवले आणि दोन नळ्यांतला गोंद कालवून भोवती भरला. पूर्ण वाळेपर्यंत झाकण हलवलं नाही. बिजागरीतून जाणारी स्क्रीनची वायर कुठं चेपली का, ते भिंगातून तपासलं. जुन्या स्क्रीनच्या पाठीवरचा नंबर जुळवून नवी मागवली आणि चौकट बदलली. या वेळी ठिपका दिला नाही.

न्यायला मुलगी एकटी आली. “मधोमध धरून उघडत जा,” मी म्हणालो.

“आता मीच उघडते, काका. बाबा हात नाही लावत.”

“अन् गाणी?”

“अर्धी वही झाली होती. म्हणतात, आता नको.”

दोन आठवड्यांनी मी एसटीनं बार्शीटाकळीला गेलो, सांगायचंच ठरवून. गुरुजींनी शेजाऱ्यालाही बोलावून घेतलं, चहा मांडला, आणि मी तोंड उघडायच्या आत त्याला म्हणाले, “हेच ते कारागीर. माह्या हातानं पोरीच्या वस्तूची नासाडी झाली, यायनं वाचवली.” लॅपटॉप फळीवर टॉवेलात गुंडाळून ठेवला होता. त्यावर ती वही.

“वापरा ना, गुरुजी. आता काही होत नाही,” मी म्हणालो.

“नको बापा. पोरीची परीक्षा हाय. एकडाव झालं ते पुरे.”

शेजारी मला, ‘माझ्या टीव्हीचं बघता का,’ म्हणून विचारू लागला. मी त्याचा टीव्ही बघितला. शेवटच्या गाडीनं परत आलो.

पुन्हा जाईन म्हणत राहिलो. त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर पातूरचं एक गिऱ्हाईक सहज सांगून गेलं, बार्शीटाकळीचे गुरुजी वारले. मुलगी अमरावतीलाच असते. वही तिनं नेली असेल. हे लिहून झालं की तिला पाठवणार आहे, पण जे गुरुजींना ऐकवायचं होतं ते तिला ऐकवून भागत नाही. एसटीत सगळ्या वाटेनं मी ते मनात घोळवत गेलो होतो, आणि अजून ते तसंच पाठ आहे:

गुरुजी, तुमच्या हातानं काही झालं नाही. नट मी जास्त आवळला होता. हे मले तवाच दिसलं होतं, तरी मी चार लोकांत तुमच्यावर ढकललं. मले माफ करा, अन् ती गाणी पुरी करा.