काट्यावर न आलेली मुलं

शुक्रवार, २७ एप्रिल १९७३, सकाळी सात. पाथर्डी तालुक्यातल्या एका गावच्या शाळेत, पहिलीच्या वर्गातल्या एकुलत्या एका खुर्चीवर बसून मी अहवालाचा मथळा लिहिला: ‘पूरक आहार केंद्र : आठवड्याच्या भेटीतील निरीक्षणे’. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने नगर आणि तिथून पुणे गाठायचं होतं. सोमवारी संस्थेची बैठक होती. दूध पावडर आणि सुकडी पुढच्या महिन्यापासून कोणत्या केंद्रांना द्यायची आणि कोणतं केंद्र बंद करायचं, याचा निर्णय माझ्या कागदावरून होणार होता. पोषणशास्त्राची पदवी घेऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं आणि हा अहवाल स्वतंत्रपणे लिहायला मिळालेला पहिलाच. तो निर्दोष व्हावा, अशी माझी तीव्र इच्छा होती.

निष्कर्ष आदल्या रात्रीच तयार होता. मंगळवारी शाळेसमोरच्या लिंबाच्या फांदीला तराजू टांगून मी मुलांची वजनं घेतली होती. केंद्र सुरू झालं तेव्हाच्या सरासरीपेक्षा आताची सरासरी कमी भरत होती. चार महिने रोज खाऊ घालूनही वजन घटत असेल, तर ते अन्न दुसऱ्या गावी जाणंच न्याय्य ठरतं. ‘केंद्र बंद करण्याची शिफारस’ हे शब्द मी मनाशी पक्के केले होते.

त्या आठवड्यात माझ्याशी कामाव्यतिरिक्त कोणीही बोललं नव्हतं. केंद्रात स्वयंपाक करणारी मावशी दोन्ही वेळा झाकलेलं ताट आणून बाकावर ठेवी आणि ‘जेवा, बाई’ एवढं म्हणून मागे वळे. मी रस्त्याने निघाले की ओट्यावरच्या बायकांचं बोलणं थांबे. संध्याकाळी दुष्काळी कामावर दगड फोडून परतलेल्या बायकांच्या चुली पेटत, घराघरांतून हाका ऐकू येत, आणि मी वर्गातल्या फळ्यासमोर रेडिओशिवाय, पुस्तकाशिवाय बसून राही. शहरातून आलेल्या शिकलेल्या बाईचा गावाला संकोच वाटतो, असं मी स्वतःला समजावलं होतं.

नऊ वाजता पडवीत मुलं खायला बसली. एरवी त्या वेळी मी तराजू नाहीतर तक्ते घेऊन असे. त्या दिवशी पहिल्यांदाच हातात काही नसताना खिडकीतून नुसतं पाहत होते. बाजाराचा दिवस असल्यानं दुष्काळी कामाला सुट्टी होती, म्हणून आजीऐवजी आयाच मुलांना घेऊन आल्या होत्या. ओळीच्या शेवटी दोन-अडीच वर्षांची एक मुलगी बसली होती. गाल भरलेले, दंडाला वळी पडलेली. मंगळवारी अशी मुलगी माझ्या हाताखालून गेली असती तर मी तिला विसरणं शक्य नव्हतं. तिच्या शेजारी तसाच एक मुलगा होता, आणि पलीकडे आणखी एक. मी दाराबाहेर पाऊल टाकलं तसा त्या मुलीच्या आईनं पदर ओढून तिच्या डोक्यावर धरला. उन्हासाठी नव्हे, कारण पडवीत ऊन नव्हतंच.

‘मावशी, ही मुलं मंगळवारी कुठं होती?’

मावशीनं पळी पातेल्यात ठेवली. ‘हुती की घरी.’

‘वजनाला का आली नाहीत?’

‘बाळसं धरलेलं पोर काट्यावर टांगत न्हाईत, बाई. किडकं-मिडकं टांगावं, म्हंजी त्याला औषीद मिळतं. चांगल्याला काय मिळायचं? नजर.’

‘काट्याची नजर?’

मावशीनं पळी पुन्हा उचलली. पदर धरलेली आईच म्हणाली, ‘काट्याला कुठं डोळं असत्यात? बघून लिवतंय ते डोळं म्हना.’

बायका हसल्या. एकीनं तिला कोपरानं ढोसलं, ‘गप की गं, तोंडावर काय बोलतीस.’

म्हणजे आठवडाभर ज्याला मी संकोच समजत होते, त्याला इथे निराळं नाव होतं. बिनलग्नाची, बिनलेकराची बाई दुसऱ्यांच्या लेकरांकडे एकटक पाहते आणि आकडे टिपते. तिच्यापासून पोरं झाकायची असतात. यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं. मला उलट एक गोष्ट लख्ख दिसली: सुधारलेलं मूल वजनातून गळत होतं, खंगलेलं मूल येत राहत होतं. केंद्र जितकं यशस्वी, तितकी माझी सरासरी खाली. आणि त्या सरासरीवर मी ते बंद करायला निघाले होते.

मी त्यांना स्पष्ट सांगितलं. ‘माझ्या कागदावर फक्त किडकी मुलं आहेत. हा कागद असाच गेला तर सुकडी बंद होईल.’

पडवीत हसणं थांबलं. ‘मंग टांगा म्हनता का?’ पदरवालीनं विचारलं.

‘टांगू नका. दंड मोजा. आणि तुम्हीच मोजा.’

एक ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर वयाबरोबर फारसा बदलत नाही. कुपोषण झालं की मात्र तो घटतो. त्यामुळे जुनी नोंद नसली तरी एका दिवसाचं माप काहीतरी सांगतं. शिवणकामाची टेप माझ्या सामानात होतीच. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध, हात सैल सोडून, टेप न आवळता मोजायचं, हे मी मावशीच्या दंडावर दाखवलं. ‘झंपराचं माप घेत्यात जनू,’ कोणीतरी म्हणालं. आधी मंगळवारची काही मुलं त्यांनी मोजली, मग तीच मी मोजली. फरक दोन-तीन मिलिमीटरच्या वर गेला नाही. तेवढा दोष मला चालणार होता.

मग त्यांनी मला वर्गात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसायला सांगितलं. मी बसले. बाहेर हलक्या आवाजात बोलणं चाले, एखादं मूल किरकिरे, कोणी गुदगुल्या केल्यासारखं खिदळे. मग एक आई टेपवर अंगठा दाबून आत येई, अंगठ्याजवळचा आकडा मी वाची, ती वय सांगे आणि निघून जाई. मूल मला दिसत नसे. फळ्याच्या कडेला कोणी काढलेलं कमळ तेवढं समोर होतं. पाठीमागे इतकी मुलं असताना एवढं एकटं मी त्या आठवड्याच्या एकाही रात्री झाले नव्हते.

दुपारपर्यंत दोन्ही गटांचे आकडे शेजारी मांडून झाले. काट्यावर न आलेल्या मुलांचे दंड आलेल्यांपेक्षा सरळसरळ भरलेले होते. अहवालात मी वजनाची सरासरी तशीच ठेवली आणि ती ग्राह्य का धरू नये, ते खाली लिहिलं. मापं आयांनी घेतली, मुलं मी पाहिली नाहीत, हेही लिहिलं. बैठकीत कोणी हसलं असतं तर त्याला उत्तर देण्याची माझी तयारी होती. शिफारस: केंद्र चालू ठेवावे, वजनाची सक्ती नको, यापुढची मापं मावशीनं घ्यावीत.

सही करणार तोच दारात पावलं वाजली. मागून आलेला आवाज पदरवालीचा होता. सकाळपासून तिनं एकही माप आत आणलं नव्हतं.

‘कागद मिटला का, बाई?’

‘नाही.’

‘मंग हे बी लिवा. वळून बघू नका.’

माझ्या खांद्यावरून टेप पुढे आली. अंगठा इतका घट्ट दाबलेला होता की नख पांढरं पडलं होतं. मागे, अगदी जवळ, कोणाचा तरी छोटासा श्वास ऐकू येत होता. मी आकडा वाचला आणि शेवटच्या रकान्यात लिहिला: मुलगी, अडीच वर्षे, डावा दंड, १६.२ सेंटीमीटर.