काकूची साक्ष

ईश्वरीबाई मुळातच कमी बोलणाऱ्या. बन्नीमंटपाजवळच्या शाळेत बावीस वर्षं कारकुनी केली, पण आपल्याला मुलगा आहे हे त्यांनी तिथे कुणाला कळू दिलं नाही. सांगणार तरी कसं? तो मुलगा त्यांना काकू म्हणायचा.

नवरा उदय अपघातात गेला, तेव्हा निशांत तीन वर्षांचा होता. उदयच्या मोठ्या भावाला, रघूत्तमला, मूल नव्हतं. सासऱ्यांनी ठरवलं, पोर थोरल्याला दत्तक द्यायचं. ईश्वरीला ते कळलं सकाळी, भटजी दारात आल्यावर. धाकटा दीर विजयेंद्र तिला म्हणाला, "वहिनी, तुम्ही आतच राहा. सुम्मने, उगाच अपशकुन नको." ती स्वयंपाकघरात बसली. बाहेर होम झाला, सासऱ्यांनी नातवाला उचलून रघूत्तमच्या मांडीवर ठेवलं, मोठ्या जावेनं, सुनंदानं, पेढा भरवला. स्टॅम्पपेपरवर देणारा म्हणून सासऱ्यांनी सही केली. तो कागद कुणी नोंदवला नाही आणि त्यावर आईची सही घ्यावी असं एवढ्या शिकल्यासवरल्या घरात कुणाच्या मनातही आलं नाही. पोर बाहेर आईसाठी रडत होतं, तेव्हा तिनं तोंडात पदर कोंबला.

वर्षं गेली. सासरे गेले, सुनंदा गेली आणि गेल्या वर्षी रघूत्तमही. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. कुवेंपुनगरचं घर त्यांच्या स्वतःच्या कमाईचं, म्हणजे सरळ निशांतचं. पण विजयेंद्र कोर्टात गेला. म्हणाला, दत्तक झालंच नाही. बाप वारल्यावर मूल देण्याचा हक्क एकट्या आईचा. आजोबांना तो नव्हता आणि आई तर तिथे नव्हतीच. दत्तक रद्द झालं की निशांत नुसता पुतण्या, आणि सख्खा भाऊ जिवंत असताना पुतण्याला काही मिळत नाही. ज्यानं तिला आत बसवलं, तोच आता ती आत बसली होती म्हणून घर मागत होता. असल्या माणसाला लाज विकत आणून द्यावी म्हटलं तरी तो आधी भाव विचारेल.

निशांतची वकील सहना स्पष्ट बोलणारी होती. तिनं ईश्वरीबाईंना समजावलं की मूल दुसऱ्याच्या हातून दिलेलं चालतं, पण देण्याचा निर्णय आईचा हवा. "तुम्ही ठरवलं होतं का, एवढाच प्रश्न आहे. काय सांगायचं ते मी शिकवणार नाही."

त्या आठवड्यात ईश्वरीबाईंना जेवण गोड लागलं नाही. खरं सांगितलं तर दत्तक मोडणार आणि निशांत कायद्यानं पुन्हा त्यांचा मुलगा होणार. बावीस वर्षांत कुणी एवढं देऊ केलं नव्हतं. त्यांना हाव सुटली, आणि त्या हावेची त्यांना शरमही वाटली. कारण त्या क्षणी निशांतच्या डोक्यावरचं छप्पर जाणार होतं.

साक्षीच्या दिवशी त्यांनी शपथ घेतली. विजयेंद्रच्या वकिलानं फोटो पुढे केले. त्यात सगळं घर होतं, त्या नव्हत्या. मूल देताना तुम्ही कुठे होता, असं त्यानं विचारलं. स्वयंपाकघरात, त्या म्हणाल्या. म्हणजे तुम्हाला कुणी विचारलंच नव्हतं, असं तो म्हणाला.

"विचारलं होतं," ईश्वरीबाई म्हणाल्या. "मामंजींना मीच सांगितलं, माझ्या वतीनं तुम्ही द्या."

मग स्वतः समोर का आला नाहीत, त्यानं डिवचलं.

"मी विधवा. या भाऊजींनीच मला आत बसवलं. समोर बसलेत, त्यांना विचारा."

विजयेंद्रनं मान खाली घातली. ते एवढं मात्र अक्षरन् अक्षर खरं होतं, आणि त्याच्या जोरावर आधीचं खोटं उभं राहिलं.

निकाल चार महिन्यांनी लागला. दत्तक वैध, घर निशांतचं. निकालपत्रात लिहिलं होतं की जन्मदात्या आईनं स्वखुशीनं मूल दिलं. सहनानं पेढे घेतले आणि विजयेंद्र अपिलात जाईल, तेव्हा साक्षीतला शब्द इकडचा तिकडे होता कामा नये, असं जाता जाता बजावलं.

पार्किंगमध्ये निशांत हेल्मेट हातात घेऊन घुटमळला.

"काकू, एक विचारू? मी लहानपणापासून स्वतःला सांगायचो की तुम्हाला कुणी विचारलंच नसेल. विचारलं असतं तर तुम्ही मला दिलं नसतं, अल्वा? हो ना?"

ईश्वरीबाईंनी वळून पाहिलं. मागे, दहा पावलांवर, विजयेंद्र आपल्या वकिलाशी बोलत उभा होता.

"विचारलं होतं रे," त्या म्हणाल्या.

निशांतनं मान हलवली, वाकून नमस्कार केला आणि हेल्मेट घातलं.