दोन तासांचा हक्क

आमच्या कारखान्यातला दुसरा धावपटू मल्लेश्वरमच्या सरावाच्या मैदानामागेच राहायचा. कारखान्यातून सुटून, घरी दूध पिऊन तो साडेपाचला ताजातवाना धावायला यायचा. कारखानाही तिकडेच. मी शहराच्या दुसऱ्या टोकाचा, जे. पी. नगरचा; दोन बस, मॅजेस्टिकच्या स्थानकावर बदल, एका बाजूचे दीड तास. कारखान्यांच्या स्पर्धेत पाच हजार मीटरला आमच्यातून एकच जण जाणार होता. ती जागा मला हवी होती.

माझं बालपण युनियनची पत्रकं वाटण्यात गेलेलं. त्याला दोन तासांचा सराव, तर मलाही दोन तास, हा माझा हक्क होता. साडेसातला संपवून बस गाठायचो, घरी पोचायला नऊ, झोपायला अकरा, पहाटे पाचला उठून पुन्हा बस. महिन्याभरात माझी वेळ सुधारायची सोडून वीस सेकंदांनी वाढली. त्याची घटत होती. त्याची झोप, त्याचं दूध, त्याची पाच मिनिटांची वाट, सगळ्याचा मला राग येऊ लागला.

आमचे प्रशिक्षक बेळगावकडचे, कारखान्यातलेच जुने फिटर. त्यांना सगळे अण्णा म्हणत. एका संध्याकाळी त्यांनी मला थांबवलं.

"उद्यापासून इकडं यायचं नाही. पहाटे घराजवळ पळ, चाळीस मिनिटं."

"त्याला दोन तास आणि मला चाळीस मिनिटं? हा अन्याय आहे, अण्णा!"

"मोर्चा काढायलास काय रे? तीन तास बस खाते. उरलेल्यातनं सराव काढायचा तर झोप कापतोस. मग पाय कुठले चालतील?"

तिथेच त्यांनी आखणी सांगितली. पहाटे अंग आखडलेलं असतं, म्हणून पंधरा मिनिटं सावकाश. मग तीन मिनिटं जोरात, दोन मिनिटं हळू, असं चार वेळा. शेवटची पाच मिनिटं पुन्हा सावकाश. हे आठवड्यातून दोनदाच. बाकी दिवशी नुसतं हलकं धावणं, आणि दीड तासाचं लांब पळणं रविवारी, त्या दिवशी सुट्टी, बस गाठायची नसते म्हणून. संध्याकाळी सरळ घर, साडेनऊला अंथरूण.

रागारागात मी ते पाळलं; ते चुकीचं आहे हे सिद्ध करायला. सहा आठवडे.

निवडीच्या सकाळी मी माझ्या आजवरच्या सगळ्या वेळांपेक्षा जोरात धावलो. शेवटच्या फेरीपर्यंत त्याच्या खांद्याला खांदा होता. मग त्यानं पाऊल लांबवलं आणि पंधरा मीटर पुढे गेला.

"भारी पळालास," तो धापा टाकत म्हणाला. "मला वाटलं, गेली जागा."

मी हात मिळवला. झोप पुरी झाली होती, पाय हलके होते, बसला दोष देता येत नव्हता. तो माझ्याहून चांगला धावतो, एवढंच उरलं होतं. त्याविरुद्ध पत्रक कसं काढायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.