ओल्या विटांची सातवी खेप

माझा ट्रॅक्टर तेव्हा वांगणीच्या भट्टीवरून बदलापूरला विटा वाहायचा. ट्रॉली तीन टनांची, वीट तीन किलोची, म्हणून खेपेला हजार विटा. कंपनीतले एक साहेब घर बांधत होते. त्यांना हव्या होत्या सहा हजार, म्हणजे सहा खेपा. गवंड्याचा वेळ वाचावा म्हणून त्यांनी विटा भट्टीवरच पाइप लावून भिजवून घेतल्या.

मी म्हणालो, "साहेब, पाणी प्यालेली वीट साडेतीन किलो भरते. साडेआठशेच्या आसपासच भरू. सात खेपा होतील."

"विटा तेवढ्याच आहेत ना? हजार भर!" म्हणत ते मडगार्डवर चढून बसले.

माझंही डोकं फिरलं. भरल्या हजार.

चढावर ट्रॅक्टरची पुढची चाकं जमिनीवरून उचलली. स्टिअरिंग हातात नुसतंच फिरायला लागलं. मी क्लच आणि ब्रेक एकदम दाबले. चाकं खाली आदळली, पण ट्रॉली आम्हाला मागे ओढू लागली.

"दगड लावा!" मी ओरडलो.

साहेबांनी उडी मारली, रस्त्याकडेचा दगड उचलला आणि ट्रॉलीच्या चाकामागे सरकवला. ट्रॉली थांबली. दीडशे विटा तिथेच उतरवल्या.

पुढे साहेब मडगार्डवर बसलेच नाहीत. तोच दगड छातीशी धरून ते ट्रॉलीशेजारून घरापर्यंत चालत आले.